सुटी अंडी विकत घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात बहुतेक घरांत अंडी येतात ती किराणा दुकानातल्या, चिकन सेंटरमधल्या किंवा आठवडे बाजारातल्या उघड्या ट्रेमधून, कागदी पुडीत बांधून. त्यांच्यावर तारीख नसते, नाव नसते आणि ती कुठून आली हेही लिहिलेले नसते. वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न मुख्यतः याच सुट्या अंड्यांबद्दल असतात, म्हणून उत्तरांचा भरही तिथेच आहे. खोक्यातल्या अंड्यांबद्दल प्रश्न ५ पाहावा.

१. दुकानात अंडी घेताना आधी काय पाहायचे?

अंड्याला हात लावण्याआधी ते जिथे ठेवले आहे ती जागा पाहावी. ट्रे दुकानाच्या दारात, दुपारच्या उन्हाच्या तिरिपेत ठेवलेले असतील, तर आतली अंडी सकाळी ताजी आलेली असूनही संध्याकाळपर्यंत बरीच जुनी झाल्यासारखी होतात, कारण उष्णतेने पांढरा भाग झपाट्याने पातळ होतो. ट्रे रॉकेल, फिनेल किंवा डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी असतील तर तीही घेऊ नयेत. टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून वास आत शिरतो. चिकन सेंटरमध्ये कोंबडी कापण्याच्या ओट्यापासून ट्रे किती लांब आहेत हे पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कच्च्या मांसाच्या पाण्याचे शिंतोडे ज्या अंड्यांवर उडतात, ती वरून कितीही पांढरीशुभ्र दिसली तरी स्वयंपाकघरात आणण्याजोगी नसतात.

त्यानंतर ट्रे पाहावा. लगद्याच्या कागदी ट्रेवर पिवळट, चकचकीत, वाळलेला डाग असेल तर त्यात एखादे अंडे फुटून गळले आहे, आणि तो ट्रे पुन्हा पुन्हा वापरात असल्यामुळे तो डाग किती दिवसांचा आहे हे सांगता येत नाही. पावसाळ्यात ट्रे दमट, मऊ पडलेला किंवा काळ्या-हिरव्या बुरशीचे ठिपके असलेला दिसला, तर त्यातली अंडी घेऊ नयेत. जागा आणि ट्रे ठीक असतील तरच एकेक अंडे निवडायला घ्यावे.

२. मोठी भेग दिसते, पण केसासारखा बारीक तडा कसा ओळखायचा?

ट्रेमध्ये अंडी साधारणपणे निमुळते टोक खाली आणि रुंद टोक वर अशी बसवलेली असतात, त्यामुळे आपल्याला अंड्याचा वरचा अर्धा भागच दिसतो. तडे मात्र पुष्कळदा खालच्या बाजूला किंवा कुशीला असतात, कारण टेम्पोतल्या धक्क्यांत अंडे ट्रेच्या खाचेवर आणि वरच्या ट्रेच्या तळावर आदळत असते. म्हणून अंडे उचलून, तीन बोटांत धरून पूर्ण एक फेरी फिरवून पाहावे. उचलताना ते ट्रेला किंचित चिकटलेले जाणवले, तर खाली तडा गेलेला आहे आणि आतला द्रव वाळून डिंकासारखा झाला आहे.

दुसरी खूण आवाजाची. दोन अंडी हातात घेऊन एकमेकांवर अगदी हलकेच टेकवली की अखंड टरफलाचा टणक, स्वच्छ आवाज येतो, आणि टिचलेल्याचा आवाज बद्द, फुटक्या मडक्यासारखा येतो. जुने विक्रेते हे इतक्या सहजपणे करतात की पाहणाऱ्याला ते नुसती अंडी मोजत आहेत असे वाटते. हा कान दोन-तीन वेळा सवय केल्यावर आपल्यालाही येतो, मात्र जोर लावला तर तपासतानाच अंडे टिचते.

तिसरा उपाय उजेडाचा. अंड्यामागे मोबाईलची बॅटरी धरून हाताच्या ओंजळीने अंधार केला की तडा प्रकाशाच्या बारीक रेघेसारखा उजळतो. पांढऱ्या टरफलात तो चटकन दिसतो, तपकिरी टरफलात थोडा कष्टाने. याच उजेडात वय कसे कळते, ते प्रश्न ४ मध्ये आहे.

उन्हाळ्यात तडे जास्त सापडतात आणि त्यामागे वाहतुकीखेरीज आणखी एक कारण आहे. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून अंग थंड करते, आणि धापांमुळे तिच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला की टरफल बनण्यासाठी लागणारा पुरवठा घटतो आणि टरफल पातळ होते. एप्रिल-मे महिन्यांत अंडी निवडायला नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ द्यावा.

३. दुकानदार टिचलेली अंडी स्वस्तात देतो. ती घ्यावीत का? घरी आणताना टिचले तर काय?

दुकानातले टिचलेले अंडे घेऊ नये, मग ते अर्ध्या किमतीत मिळत असले तरीही. ते किती वेळापूर्वी टिचले हे कोणालाच माहीत नसते, आणि तड्यातून जंतू आत गेल्याची खूण वासात किंवा रंगात दिसतेच असे नाही. साल्मोनेला हा अंड्यांतून होणाऱ्या आजाराचा मुख्य जंतू असून त्याने दूषित झालेले अंडे ताज्या अंड्यासारखेच दिसते.

आपल्या पिशवीत, वाटेत टिचलेल्या अंड्याची गोष्ट वेगळी आहे, कारण ते केव्हा टिचले हे आपल्याला ठाऊक असते. घरी पोहोचताच ते स्वच्छ वाटीत फोडावे, झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन दिवसांच्या आत पूर्ण शिजवून वापरावे. त्याचे हाफ-फ्राय किंवा घरचे मेयोनीज करू नये. पिशवीत गळून इतर वस्तूंना लागलेले अंडे मात्र टाकून द्यावे.

४. सुट्या अंड्यांवर तारीख नसते. ती किती दिवसांची आहेत हे कसे समजायचे?

सर्वांत उपयोगी माहिती दुकानदाराकडेच असते, पण प्रश्न नीट विचारावा लागतो. “अंडी ताजी आहेत ना?” असे विचारले तर उत्तर नेहमी “हो” असेच येते. त्याऐवजी “तुमच्याकडे अंड्यांचा टेम्पो कोणत्या वारी येतो?” असे विचारावे. हा वार एकदा कळला की आपण खरेदीच त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करू शकतो. मात्र आज आलेले अंडे म्हणजे आज घातलेले अंडे नव्हे. महाराष्ट्रात विकली जाणारी पुष्कळ अंडी तेलंगणा, आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि तमिळनाडूतून येतात, आणि पोल्ट्रीतून निघून घाऊक व्यापाऱ्यामार्फत दुकानात पोहोचेपर्यंत त्यांचे काही दिवस गेलेले असतात. मी दुकानात येण्याआधीचे दोन ते चार दिवस नेहमी जमेस धरते.

हातातल्या अंड्याकडून वय जाणून घ्यायचे तर उजेडात त्याचे रुंद टोक पाहावे. तिथे हवेची एक पोकळी असते. छिद्रांतून ओलावा बाहेर पडत जातो तशी ती मोठी होते. ताज्या अंड्यात ती अगदी उथळ, जुन्या एक रुपयाच्या नाण्याएवढी किंवा त्याहून लहान दिसते; बरीच जुनी झाली की अंड्याचा वरचा पाव भाग रिकामा दिसू लागतो. अंडे हळूच फिरवल्यावर आतल्या बलकाची सावली मध्यभागी राहिली तर पांढरा भाग अजून घट्ट आहे. ती लगेच टरफलाजवळ सरकली तर तो पातळ झालेला आहे. कानाजवळ धरून जोरात हलवून पाहण्याची पद्धत मी सुचवत नाही. खूप जुन्या अंड्यात खळखळ ऐकू येते हे खरे, पण हलवण्याने चांगल्या अंड्याचीही आतली रचना विस्कटते, आणि ते अंडे आपण घेतले नाही तर पुढच्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला जाते.

५. खोक्यावरची तारीख म्हणजे अंडे घातल्याची तारीख का?

नाही. सहा, दहा, बारा किंवा तीस अंड्यांच्या खोक्यावर असते ती पॅकिंगची तारीख, आणि अंडे त्याआधी एक किंवा अनेक दिवस घातलेले असू शकते. पुढची “अमुक दिवसांच्या आत वापरणे उत्तम” ही मुदतही साठवणीची एक अट गृहीत धरून दिलेली असते, म्हणून खोक्याची मागची बाजू वाचावी. तिथे थंड जागी ठेवण्याची सूचना असेल आणि तेच खोके बाजूच्या गरम दिव्याखालच्या फळीवर मांडलेले असेल, तर मुदतीच्या तारखेवर विसंबता येत नाही. दोन खोक्यांपैकी पॅकिंगची तारीख दोन दिवस जुनी पण थंड फळीवरचे खोके असेल, तर मी तेच उचलते.

खोके घेण्यापूर्वी उघडून प्रत्येक अंडे बोटाने किंचित फिरवावे. जे फिरत नाही ते खाली चिकटलेले आहे, म्हणजेच फुटलेले आहे. पारदर्शक खोके असेल तर नुसते उंच धरून तळ पाहिला तरी पुरते. खोक्यावर चौदा अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक आहे का, हेही पाहून घ्यावे. तक्रार करायची वेळ आली तर तोच लागतो.

६. एक डझन अंडी तुम्ही प्रत्यक्ष कशी घेता, ते एखाद्या उदाहरणाने सांगाल का?

मे महिन्यातल्या एका गुरुवारची संध्याकाळ सांगते. पुण्यातले नेहमीचे किराणा दुकान, आत सावलीत एकावर एक ठेवलेले तीन ट्रे. वरच्या ट्रेमध्ये सातच अंडी होती आणि त्यांतली दोन इतरांपेक्षा मोठी होती, म्हणून विचारले, “दादा, ही वरची कधीची?” ते म्हणाले, “ती सोमवारची आहेत ताई, खालचे दोन्ही ट्रे आज सकाळी आले.” आधीची अंडी संपवण्यासाठी ती वर ठेवणे हा दुकानदाराचा रास्त हिशोब असतो, पण सोमवार ते गुरुवार हे चाळिशीच्या आसपासचे चार दिवस त्या सात अंड्यांनी बाहेर काढले होते. मी मधला ट्रे मागितला.

त्यातून बारा मिळवण्यासाठी पंधरा उचलावी लागली. एकाच्या कुशीला विष्ठेचा वाळलेला ठिपका होता. दोन अंडी दिसायला निर्दोष होती, पण टेकवल्यावर बद्द वाजली. उजेडात धरली तेव्हा एकाला निमुळत्या टोकाशी चांदणीसारखा तडा दिसला आणि दुसऱ्याला एकच आडवी रेघ. ती दोन्ही ट्रेमध्ये परत न ठेवता दुकानदाराच्या हातात दिली. कागदी पुडीऐवजी घरून नेलेल्या रिकाम्या खोक्यात बारा अंडी रुंद टोक वर करून ठेवली आणि ते खोके पिशवीत सर्वांत वर आले. घरी पोहोचल्यावर ती न धुता फ्रिजच्या आतल्या फळीवर गेली. दारातल्या कप्प्यात नाही, कारण दार उघडताना तिथले तापमान सारखे वरखाली होते. या सगळ्याला दुकानात फार तर चार मिनिटे लागली.

७. अंड्याला विष्ठा, पीस किंवा रक्त लागलेले असेल तर? घरी धुतले की झाले ना?

धुतल्याने ते दिसायला स्वच्छ होते, पण सुरक्षित होतेच असे नाही. अंडे घातले जाते तेव्हा त्याच्यावर एक पातळ नैसर्गिक लेप असतो आणि तो वाळून छिद्रांची तोंडे झाकतो. पाण्याने चोळल्यावर हा लेप निघतो. शिवाय पाणी अंड्यापेक्षा थंड असेल तर आतला भाग किंचित आकसतो आणि बाहेरची घाण पाण्यासकट छिद्रांतून आत ओढली जाते. म्हणून विष्ठा लागलेले अंडे दुकानातच बाजूला ठेवावे. एखादे चिकटलेले पीस किंवा कोरडा धुळीचा ठिपका चालतो. तो कोरड्या कापडाने पुसावा. नुकत्या अंडी घालू लागलेल्या तलंगीच्या अंड्यावर रक्ताचा पुसट ओरखडा असतो. तो रोगाचे लक्षण नसला तरी निवडीला वाव असताना ते अंडे सोडून द्यावे.

काही दुकानांत एकाच ओल्या फडक्याने सगळा ट्रे पुसून ठेवतात. विक्रेत्याचा हेतू चांगला असतो, पण त्यामुळे एका अंड्याची घाण तीसही अंड्यांवर पसरते. टरफलावर वाळलेल्या पाण्याचे ओघळ किंवा एकाच दिशेचे पुसट पट्टे दिसले की हे झाले आहे असे समजावे.

८. फ्रिजमधली अंडी बाहेरच्यांपेक्षा चांगली असतात का?

ती सुरुवातीपासून थंडच राहिली असतील तर होय. चार-पाच अंश सेल्सिअसला ताजे अंडे तीन ते पाच आठवडे चांगले राहते, तर उन्हाळ्यात बाहेर ठेवलेले अंडे मी आठवड्याच्या आत संपवते. अडचण होते ती थंड-गरम-थंड अशा फेऱ्यांनी. फ्रिजमधले अंडे दमट हवेत बाहेर काढले की त्याला घाम येतो आणि ती ओल जंतूंना आत शिरायला वाट करून देते. पावसाळ्यात मुंबई किंवा कोकणातल्या दुकानात रात्री फ्रिजमध्ये आणि दिवसा काउंटरवर अशी अंडी ठेवली जात असतील, तर सतत बाहेरच असलेला ताजा ट्रे मी त्यांपेक्षा बरा समजते. थंड अंडी घेतलीत तर वाटेत फार वेळ न घालवता ती घरी थंडच ठेवावीत.

९. घरी पाण्यात टाकून पाहण्याची परीक्षा कितपत खरी?

वयापुरती ती खरी आहे. खोलगट भांड्यात आडवे पडून राहते ते ताजे, रुंद टोक वर करून तळाशी उभे राहते ते जुने पण सहसा वापरण्याजोगे (आणि उकडल्यावर सोलायला सोपे), आणि तरंगते ते इतके जुने की मी ते टाकते. कारण प्रश्न ४ मधली हवेची पोकळीच आहे. पण ही परीक्षा जंतूंबद्दल काहीही सांगत नाही. बुडणारे अंडेही दूषित असू शकते. तपासलेली अंडी ओली झालेली असतात, म्हणून सगळी न तपासता एक-दोनच तपासावीत आणि तीच आधी वापरावीत.

१०. आठवडे बाजारातली गावरान अंडी खरी आणि ताजी आहेत हे कसे ओळखावे?

इथे ताजेपणाचा प्रश्न अधिक अवघड आहे. घरी पाच-सात कोंबड्या असलेली बाई रोजची दोन-चार अंडी साठवत बाजाराच्या वारी घेऊन येते, त्यामुळे भुशाच्या एकाच पाटीत कालचे अंडे असते आणि आठवड्यापूर्वीचेही. “मावशी, परवापासूनची वेगळी काढून द्याल का?” असे विचारले तर बहुतेक वेळा त्यांना ती माहीत असतात. दुसरी गोष्ट अशी की घरच्या कळपात कोंबडा असतो आणि ती अंडी फळलेली असू शकतात, तर पिंजऱ्यातल्या पोल्ट्रीची अंडी फळलेली नसतात. कडक उन्हाळ्यात फळलेल्या अंड्यात वाढ सुरू होते आणि उजेडात लालसर जाळे किंवा कडे दिसते. म्हणून उन्हाळ्यात गावरान अंडी उजेडात पाहिल्याशिवाय घेऊ नयेत.

खरेपणाबद्दल म्हणाल, तर पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावरान म्हणून विकण्याचे प्रकार होतात. लिंबू किंवा व्हिनेगर लावून रंग निघतो का पाहा, असा सल्ला सर्वत्र फिरतो, पण तो फसवा आहे: खऱ्या तपकिरी अंड्याचा रंगही टरफलाच्या बाहेरच्या थरातच असतो आणि आम्लाने तोही निघतो. टरफल आतून पांढरे असणे हाही पुरावा नव्हे. पाटीतली सगळी अंडी एकाच आकाराची आणि एकाच छटेची असणे ही अधिक भरवशाची शंकेची जागा आहे, कारण गावरान कोंबड्यांची अंडी आकाराने लहान-मोठी आणि रंगाने फिकट-गडद अशी मिसळलेली असतात. तसेच पोल्ट्रीतही तपकिरी अंडी देणाऱ्या जाती पाळतात, त्यामुळे तपकिरी म्हणजे गावरान असे नसते.

११. कडकनाथची अंडी काळी असतात का?

नाही. कोंबडी आणि तिचे मांस काळे असले तरी अंडी फिकट तपकिरी किंवा मलईच्या रंगाची असतात. काळी अंडी कोणी कडकनाथची म्हणून देत असेल तर घेऊ नयेत.

१२. बलक रबरासारखा निघाला, पापुद्रा प्लास्टिकसारखा होता. अंडी नकली तर नव्हती?

नव्हती. टरफलाच्या आत खरोखरच दोन पापुद्रे असतात आणि अंडे जुने होऊन वाळले की ते कागदासारखे जाड जाणवतात. बलक अतिथंड फ्रिजमध्ये गोठला की त्याची घट्ट जेली होते आणि उकडल्यावरही तो रबरासारखाच राहतो. म्हणजे दोष साठवणीचा असतो, आणि तो दुकानदाराला जरूर सांगावा.

१३. मुलगी अमेरिकेत असते. तिथे अंडी फ्रिजमध्येच मिळतात, मग इथे बाहेर ठेवलेली चालतात कशी?

अमेरिकेत विक्रीपूर्वी अंडी धुतली जातात, त्यामुळे नैसर्गिक लेप जातो आणि ती सुमारे सात अंशांखाली ठेवणे तिथे बंधनकारक आहे. युरोपातली अंडी धुतलेली नसतात आणि दुकानांत बरेचदा बाहेरच मांडलेली असतात. आपल्याकडची सुटी अंडीही सहसा न धुतलेलीच असतात. मुलीला एक सांगावे: अमेरिकी खोक्यावर तीन अंकांचा आकडा असतो तो पॅकिंगचा दिवस, ००१ म्हणजे १ जानेवारी आणि ३६५ म्हणजे ३१ डिसेंबर.

१४. फोडल्यावर लाल ठिपका दिसला किंवा अंडे सडके निघाले, तर दुकानदाराकडे परत न्यावे का?

बलकावरचा लहान लाल किंवा तपकिरी ठिपका अंडे बनताना एखादी बारीक रक्तवाहिनी फुटल्यामुळे आलेला असतो. तो चमच्याने काढून अंडे वापरता येते. पांढरा भाग किंचित दुधाळ असेल तर ते ताजेपणाचेच लक्षण आहे. हिरवट, गुलाबी किंवा काळपट झाक आणि गंधकासारखा वास मात्र सडल्याची खूण आहे. असे अंडे इतर अंड्यांत पडू नये म्हणून प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडावे. परत नेताना फोडलेले अंडे न्यायची गरज नसते, त्याचा फोटो आणि उरलेली अंडी न्यावीत, त्याच दिवशी. नेहमीचे दुकानदार बदलून देतात, आणि एकाच ट्रेची दोन गिऱ्हाइके परत आली की तो ट्रे तेही घाऊक व्यापाऱ्याकडे परत पाठवतात.